क्रिएटिनचा डबा आणि पाच हजार मीटरवरची हवा

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींची तयारी हल्ली गडावर आणि जिममध्ये अशी दोन्हीकडे चालते. सुट्टीच्या दिवशी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायचा आणि आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी जिममध्ये पायांचे व्यायाम करायचे. जिम आली की क्रिएटिनचा विषय निघतोच. ट्रेनर सुचवतो, शेजारी वजने उचलणारा दुजोरा देतो आणि बघता बघता ती पांढरी पावडर रोजच्या दिनक्रमाचा भाग होते. मग निघायच्या आठवड्यात सामान बांधताना प्रश्न पडतो की डबा बरोबर घ्यायचा की नाही. कुणी सांगते, विरळ हवेत तेच तारून नेईल. कुणी सांगते, चुकूनही नेऊ नका, ते अंगातले पाणी ओढून घेते. दोघांच्याही बोलण्यात ठामपणा सारखाच असतो.

माझ्या मते दोघांचेही उत्तर चुकीचे आहे. का, ते कळण्यासाठी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायला हव्यात: स्नायूत क्रिएटिन नेमके काय काम करते, आणि उंचीवर शरीराला नेमके काय कमी पडते.

क्रिएटिन हा काही प्रयोगशाळेत शोधून काढलेला नवा पदार्थ नाही. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये ते मांसातून वेगळे केले. आपले शरीर ते स्वतःही बनवते, दिवसाला साधारण एक ग्रॅम. मांस-मासे खाणाऱ्याला आहारातून आणखी सुमारे एक ग्रॅम मिळते. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात एकूण सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते आणि त्यातले जवळजवळ सगळे स्नायूंत साठलेले असते. या साठ्याचा मोठा भाग फॉस्फेट जोडलेल्या रूपात, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन म्हणून असतो. स्नायूला आकुंचन पावण्यासाठी जी ऊर्जा लागते ती एटीपी नावाच्या रेणूतून येते. एटीपीचा शिलकी साठा अगदी थोडा असतो, तो सतत नव्याने तयार व्हावा लागतो. शांतपणे चालताना हे काम श्वासातून आलेल्या ऑक्सिजनवर भागते. पण एकदम जोर लावला, उंच पायरीवर झेप घेतली किंवा जड ओझे उचलले, तर ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा तितक्या पटकन वेग घेऊ शकत नाही. त्या काही सेकंदांत फॉस्फोक्रिएटिन आपले फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा भरून देते.

घरातल्या इन्व्हर्टरचे काम असेच असते. वीज गेली की तो लगेच दिवे चालू ठेवतो, पण स्वतः वीज निर्माण करत नाही. वीज आली की पुन्हा तिच्यावरच चार्ज होतो. क्रिएटिनची पावडर घेणे म्हणजे थोडी मोठी बॅटरी बसवणे. एरिक हल्टमन आणि रॉजर हॅरिस यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवून दिले की दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन काही दिवस घेतले तर स्नायूतला साठा स्पष्टपणे वाढतो. सरासरी वाढ पाचव्या हिश्शाच्या आसपास भरते. १९९६ मध्ये हल्टमन यांच्याच गटाने आणखी सोयीची गोष्ट दाखवली. रोज फक्त तीन ग्रॅम घेतले तरी चारेक आठवड्यांत साठा तेवढ्याच पातळीवर पोचतो. सुरुवातीला वीस ग्रॅमचा मारा करायची गरज फक्त घाई असलेल्यालाच आहे.

या वाढलेल्या साठ्याचा फायदा कुठे होतो, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. थोडा वेळ जोर, मग विश्रांती, पुन्हा जोर, अशा व्यायामात तो होतो. वजने उचलताना दोन आवृत्त्या जास्त होतात आणि त्या जास्तीच्या कामातून काही महिन्यांत ताकद वाढते. उलट तासन्‌तास एका गतीने चालणे, धावणे किंवा सायकल चालवणे यांत फायदा नगण्य असतो. आणि ट्रेक म्हणजे मुख्यतः हेच, दिवसाचे सहा-सात तास एका गतीने चालणे.

आता उंचीकडे वळू. लुक्ला सुमारे २,८५० मीटरवर आहे, नामचे बाजार ३,४४० मीटरवर, डिंगबोचे ४,४१० मीटरवर आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच, जवळपास २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पला तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर जो आकडा मुंबईत ९८ दिसतो, तो तिथे चांगल्या तब्येतीच्या माणसालाही ८० च्या आसपास दिसतो. शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकते, ती क्षमता दीड हजार मीटरच्या वर प्रत्येक शंभर मीटरला ढोबळमानाने एक टक्क्याने घटते. बेस कॅम्पपर्यंत ती तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलेली असते. मुंबईत ज्या चालीने गप्पा मारत चालता येते, तीच चाल तिथे धाप लावते, याचे कारण हे.

इथे खरा मुद्दा येतो. फॉस्फोक्रिएटिन खर्च झाले की ते पुन्हा भरण्याचे काम ऑक्सिजनच करतो. समुद्रसपाटीला जोराच्या व्यायामानंतर साधारण अर्ध्या मिनिटात त्यातले निम्मे भरून येते आणि तीन ते पाच मिनिटांत जवळपास सगळे. हे भरणे श्वासातल्या ऑक्सिजनवर किती अवलंबून आहे, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मोजले गेले. व्यायामाची सवय असलेल्या माणसांना पोटऱ्यांचा व्यायाम करायला लावून, चुंबकीय तपासणीने स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन किती वेगाने परत येते ते पाहिले. दहा टक्के ऑक्सिजनची हवा दिल्यावर भरण्याचा वेग मंदावला आणि शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर वाढला.

पहिल्या एखाद्या झेपेला मोठी बॅटरी उपयोगी पडेल. पण उंचावर वीजच कमी दाबाने येते आहे, त्यामुळे एकदा खर्च झालेला साठा भरायला जास्त वेळ लागतो. डब्यातली पावडर तो दाब वाढवू शकत नाही.

फाकडिंगहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी दूध कोसीवरचा उंच झुलता पूल ओलांडला की नामचेची चढण लागते. जवळपास सहाशे मीटर उभे चढायचे, वळणावळणाची वाट आणि अधूनमधून दगडी पायऱ्या. सिंहगडावर सराव केलेला माणूस इथे सवयीने जोर लावतो. चार-पाच उंच पायऱ्या एका दमात चढतो आणि मग काठीवर ओणवून उभा राहतो. मैदानात असे झाले असते तर मिनिटभरात पाय ताजे झाले असते. इथे तसे होत नाही, म्हणून तो पुढचा टप्पाही थकलेल्या पायांनीच सुरू करतो. चार वेळा असे झाले की दुपारपर्यंत त्याची ताकद संपलेली असते. शेर्पा गाईड मागून ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणत असतो, त्याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. इतक्या हळू चालायचे की बॅटरीला हात लावायची वेळच येऊ नये, सगळे काम येणाऱ्या ऑक्सिजनवरच भागावे. ज्याला ही चाल जमते, त्याच्या स्नायूत क्रिएटिन थोडे जास्त आहे की कमी, याने फारसा फरक पडत नाही.

विरळ हवेला शरीर सरावते ते वेगळ्याच मार्गांनी. श्वास खोल आणि जलद होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि तो समतोल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतात. हे व्हायला काही दिवस लागतात. लाल पेशी वाढायला आठवडे लागतात. डायमॉक्स ही गोळी या दुसऱ्या पायरीला वेग देते, म्हणून ती उंचीच्या त्रासावर उपयोगी पडते. या सगळ्या साखळीत क्रिएटिनचे कुठेच काम नाही. ते श्वास वाढवत नाही, फुप्फुसातला दाब कमी करत नाही. म्हणून डायमॉक्सऐवजी क्रिएटिन घेणे, किंवा क्रिएटिन चालू आहे म्हणून नामचेचा विश्रांतीचा दिवस गाळणे, हे दोन्ही धोक्याचे आहे.

क्रिएटिनच्या बाजूने एक प्रयोग मात्र आवर्जून सांगायला हवा, कारण तो खरोखर रंजक आहे आणि त्याचा दाखला देऊन बरेच काही विकलेही जाते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी पंधरा निरोगी माणसांना आठवडाभर क्रिएटिन दिले, आणि दुसऱ्या खेपेला त्याच माणसांना निव्वळ दिखाव्याची पावडर दिली. कुठल्या खेपेला काय दिले ते त्यांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. मग त्यांना सुमारे दीड तास फक्त दहा टक्के ऑक्सिजनची हवा दिली. साडेपाच-सहा हजार मीटरच्या आसपास असते, तशीच ही परिस्थिती. ऑक्सिजन कमी पडला की लक्ष एकाग्र ठेवण्याची क्षमता घसरते, तशी ती घसरली. पण क्रिएटिन घेतलेल्या खेपेला ही घसरण बरीच सावरली गेली. मेंदूतले क्रिएटिनही सुमारे नऊ टक्क्यांनी वाढलेले आढळले.

हा निष्कर्ष मी मोलाचा मानतो. मेंदूलाही ऊर्जा लागते, आणि तिथेही हा साठा काही काम करतो असे त्यातून दिसते. पण ही माणसे प्रयोगशाळेत बसलेली होती. त्यांनी डोंगर चढला नव्हता, थंडीत अर्धवट झोप घेतली नव्हती, आणि त्यांचा विरळ हवेतला मुक्काम दीड तासाचा होता. डोकेदुखी, मळमळ, फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होणे हे विकार बऱ्याचदा तासांनी किंवा दिवसांनी डोके वर काढतात. त्यांना क्रिएटिन आळा घालते, असे या प्रयोगाने दाखवलेले नाही आणि संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. क्रिएटिन स्नायूच्या पेशीत शिरते तेव्हा आपल्याबरोबर पाणी आत नेते, हे खरे आहे. पहिल्या आठवड्यात, विशेषतः वीस ग्रॅमचा मारा केला तर, वजन एक-दोन किलोने वाढते आणि त्यात बहुतांश पाणीच असते. यावरून दोन उलट निष्कर्ष काढले जातात. एकजण म्हणतो, अंगातले पाणी स्नायूंनी शोषून घेतले, म्हणजे बाकीचे शरीर कोरडे पडणार. दुसरा म्हणतो, अंगात जास्तीचे पाणी साठले, म्हणजे आता तहान कमी लागली तरी चालेल.

आकडे मांडून पाहिले की पहिली भीती विरते. एका आठवड्यात एक किलो वजन वाढले, म्हणजे दिवसाला सरासरी दीडशे मिलिलिटर पाणी जास्त राहिले. एक लहान पेला. साठा भरला की ही वाढही थांबते. रोज नव्याने पाणी ओढले जात नाही. उन्हाळ्यात व्यायाम करणाऱ्या खेळाडूंवरच्या अभ्यासांत क्रिएटिनमुळे शरीर जास्त तापल्याचे किंवा गोळे जास्त आल्याचे दिसलेले नाही. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलपटूंवरच्या पाहणीत गोळ्यांच्या तक्रारी उलट कमीच आढळल्या. दुसरी समजूतही तितकीच पोकळ आहे. ते पाणी शरीराच्या नेहमीच्या हिशोबात सामावले गेलेले असते. गरज पडली की उघडून प्यावी अशी ती बाटली नव्हे.

उंचीवर पाणी खरोखर कमी होते, पण त्याची कारणे वेगळी आहेत. थंड हवा कोरडी असते, तुम्ही दुप्पट वेगाने श्वास घेत असता, आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओलावा बाहेर जातो. शिवाय शरीर नीट सरावत असेल तर पहिल्या दिवसांत लघवी जास्त होते. रात्री दोन-तीन वेळा स्लीपिंग बॅगमधून उठावे लागणे त्रासाचे असले तरी ते चांगले चिन्ह आहे. उंचीचा त्रास होऊ घातलेल्या माणसात बऱ्याचदा उलटे दिसते. पाणी पिऊनही लघवी कमी होते, सकाळी चेहरा आणि बोटे सुजलेली असतात.

म्हणून पाण्याचा हिशोब लघवीवरून ठेवावा. ती फिकट पिवळी असेल आणि दर तीन-चार तासांनी होत असेल, तर पाणी पुरेसे आहे. बहुतेकांना चहा, सूप, गरम पाणी सगळे धरून तीन लिटरच्या आसपास लागते. क्रिएटिन घेणाऱ्याने पाच-सहा लिटर प्यावे हा सल्ला चुकीचा आहे, आणि धोक्याचाही. जबरदस्तीने पाणी पिऊन उंचीचा त्रास टळत नाही. मीठ न घेता नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम उतरते आणि डोके दुखते, मळमळते, माणूस बरळू लागतो. उंचीवर मेंदूत सूज आली तरी हेच दिसते, त्यामुळे कशाने काय होते आहे ते ओळखणे अवघड होते.

ओळखण्याचा हा प्रश्नच क्रिएटिन डोंगरावर पहिल्यांदा सुरू करण्याविरुद्धचे सर्वांत मोठे कारण आहे. एका वेळी दहा ग्रॅम किंवा जास्त घेतले की काहींचे पोट बिघडते, मळमळते, जुलाब होतात. आता उंचीच्या सौम्य त्रासाची व्याख्या पाहा: डोकेदुखी, आणि तिच्याबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर. समजा डिंगबोचेला एकाला डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली. सकाळी त्याने घोटभर गार पाण्यात दोन चमचे पावडर ढवळून घेतली होती. तो म्हणतो, पावडरने पोट बिघडले असेल, उद्या लोबुचेला जाऊ. लोबुचे सुमारे ४,९४० मीटरवर आहे. अशा वेळी नियम एकच: उंचीवर नवे काहीही दुखू लागले तर ते उंचीमुळेच आहे असे धरून चालायचे, उलट सिद्ध होईपर्यंत. त्रास उतरेपर्यंत वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला आला किंवा सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येईना, तर रात्र असली तरी खाली उतरायचे. फेरिचे इथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून आहे. हंगामात तिथे दुपारी डॉक्टर उंचीच्या आजारांवर सविस्तर बोलतात. तासभर वेळ काढून ते ऐकाच.

आता एक उदाहरण तारखांसह मांडतो. समजा, पुण्यातले ४२ वर्षांचे, सत्तर किलोचे, शाकाहारी गृहस्थ १५ ऑक्टोबरला लुक्लाला उतरणार आहेत. शाकाहारी माणसाच्या स्नायूत क्रिएटिनचा साठा मुळात कमी असतो. त्यामुळे त्यांना पावडरचा परिणाम सहसा जास्त जाणवतो, हे अभ्यासांत दिसलेले आहे. त्यांनी जुलैच्या सुरुवातीला रोज तीन ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट सुरू केले. इतर महागड्या प्रकारांत मोनोहायड्रेटपेक्षा सरस असा एकही ठरलेला नाही. ते कोमट पाण्यात ढवळून लगेच प्यावे, कारण गार पाण्यात ते नीट विरघळत नाही आणि तळाशी वाळूसारखे बसते. बाटलीत कालवून दोन-तीन दिवस ठेवले तर त्याचे हळूहळू क्रिएटिनिन होत जाते.

ऑगस्टच्या सुरुवातीला साठा भरलेला असेल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जिममध्ये उंच पायरीवर चढण्या-उतरण्याचे संच, एका पायावरच्या बैठका, आणि पाठीवर सात किलोची सॅक घेऊन गड. इथे क्रिएटिन आपले काम चोख करते. संचांच्या मधल्या विश्रांतीत मुबलक ऑक्सिजन आहे, बॅटरी भरभर भरते, प्रत्येक संचात एखादी आवृत्ती जास्त होते. तीन महिन्यांनी मांड्यांत जी ताकद येते ती ट्रेकच्या उतारावर कामी येते. लोबुचेहून परतताना दिवसभर उतरायचे असते तेव्हा गुडघे सांभाळतात ते हेच स्नायू. पायांच्या व्यायामाचा हा भाग वगळून नुसती पावडर घेतली, तर अंगात एक किलो पाणी वाढते, बाकी काही नाही.

सप्टेंबरच्या शेवटी ट्रेक कंपनीचा आरोग्याचा फॉर्म येतो आणि डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. क्रिएटिनपैकी थोडा अंश रोज क्रिएटिनिनमध्ये बदलून लघवीवाटे जातो, आणि मूत्रपिंडांची तपासणी याच क्रिएटिनिनवरून होते. या गृहस्थांचा आकडा मागच्या वर्षी १.० होता, आता १.२ आला. गणिती सूत्रात घातल्यावर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता सुमारे ९६ वरून ७७ वर आलेली दिसते. घरात घबराट होते. प्रत्यक्षात मूत्रपिंडे तशीच असू शकतात, फक्त गाळायचा माल वाढलेला असतो. म्हणून रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सांगावे की मी क्रिएटिन घेतो. आदल्या दिवशी पायांचा जोरदार व्यायाम केला असेल तर तेही सांगावे, त्यानेही आकडा वाढतो. शंका उरली तर सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी आहे, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही, आणि लघवीतले अल्ब्युमिनही पाहता येते. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आधीच आहे त्यांनी ही पावडर घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. डोके दुखते म्हणून ट्रेकवर आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेत राहण्याची अनेकांना सवय असते. पाणी कमी आणि ही गोळी जास्त, ही जोडी मूत्रपिंडांना पावडरपेक्षा कितीतरी जड जाते.

आणि आता डब्याचा प्रश्न. पावडर घेणे थांबवले की स्नायूतला वाढलेला साठा लगेच ओसरत नाही. मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. बेस कॅम्पचा ट्रेक जाऊन-येऊन बारा-चौदा दिवसांचा. म्हणजे या गृहस्थांनी १४ ऑक्टोबरला शेवटचा चमचा घेतला, तरी काला पत्थरच्या पहाटेच्या चढणीवर वाढलेल्या साठ्याचा चांगला मोठा भाग त्यांच्या मांड्यांत शिल्लक असेल. मांसाहारी ट्रेकरलाही हेच लागू. खुंबूत प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवरून वर येते आणि वाटेत त्याला फ्रीज नसतो, म्हणून नामचेच्या वर ते न खाण्याचा सल्ला बहुतेक जाणकार देतात. दोन आठवडे डाळ-भातावर राहिल्याने आहारातले क्रिएटिन शून्यावर येते, पण स्नायूतल्या साठ्यावर तेवढ्या दिवसांत फार परिणाम होत नाही.

उरतो वजनाचा हिशोब. सत्तर किलोचे शरीर आणि सात किलोची सॅक, यांत क्रिएटिनमुळे आलेले एक किलो पाणी म्हणजे सव्वा टक्क्याहून थोडे जास्त ओझे. पाठीवर एक लिटरची भरलेली बाटली जास्त घेतल्याइतके. बहुतेकांना ते जाणवणार नाही. पण ज्यांचे गुडघे कुरकुरतात किंवा ज्यांना तेवढाही भार नको आहे, त्यांनी निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधीच पावडर थांबवावी. व्यायाम चालू ठेवला तर कमावलेली ताकद राहते, पाणी उतरते.

तेव्हा तयारीच्या महिन्यांत हवे असेल तर रोज तीन ग्रॅम जरूर घ्या, वजन आणि व्यायामाची नोंद ठेवा, डॉक्टरांना सांगा. पण डबा घरी ठेवा. सॅकमधल्या त्या जागेत मीठ-साखरेची पाकिटे, डॉक्टरांनी लिहून दिलेली डायमॉक्स आणि ऑक्सिमीटर घ्या. आणि तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका दिवसात झोपण्याची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. त्या थांबण्याला पर्याय ठरेल अशी पावडर अजून कुठल्याही दुकानात मिळत नाही.